दादाला लिहिलेलं पत्र: क्रिकेट सट्ट्यातली तूट भरून काढण्याच्या नादाचं एक प्रकरण

या प्रकरणातल्या बहिणीच्या आणि भावाच्या संमतीने हे लिहितो आहे. नावं, गाव आणि ओळख पटेल असे काही तपशील गाळले आहेत. मी कुटुंब समुपदेशक आहे. बहीण माझ्याकडे आली ती सल्ला मागायला नव्हे, तर लिहिलेलं पत्र तपासून घ्यायला. सगळं प्रकरण त्या पत्राभोवतीच फिरलं.

पार्श्वभूमी

दादा चौतीस वर्षांचा. पश्चिम महाराष्ट्रातल्या एका तालुक्याच्या गावी त्याचं कृषी सेवा केंद्र आहे: बियाणं, खतं, औषधं. वडील गेल्यापासून घर तोच चालवतो. घरी आई, वहिनी आणि एक मुलगी. धाकटी बहीण पुण्यात नोकरी करते. तिचं लग्न दादानेच करून दिलं, त्यामुळे त्याला काही सुनवायचं म्हटलं की तिची जीभ अडखळते. हे तिने पहिल्याच भेटीत सांगितलं आणि ते पुढे महत्त्वाचं ठरलं.

दादा क्रिकेटवेडा होता, पण पैसे लावत नव्हता. 2023 च्या आयपीएलमध्ये एका मित्राने त्याला एजंटकडून 'आयडी' काढून दिला. आयडी म्हणजे एका बेकायदा साइटवरचं खातं. पैसे यूपीआयने भरायचे, दर वेळी वेगळ्याच माणसाच्या खात्यात. ओळख पक्की झाल्यावर एजंट उधारीवर खेळू देऊ लागला आणि हिशेब दर सोमवारी. सुरुवातीला दादा थोडंफार जिंकलाही.

जानेवारी 2024 मध्ये त्याने बहिणीला फोन करून 1,20,000 रुपये मागितले. खतांच्या पेमेंटचं कारण सांगितलं, मग रडला आणि खरं बोलला. तिने मुदत ठेव मोडून पैसे दिले. त्याने आईची शपथ घेतली. वहिनीला सांगायचं नाही, असं दोघांत ठरलं.

समस्या

जून 2024 पर्यंत देणं 6,40,000 वर गेलं होतं. एजंटचे 1,45,000. गावातल्या एका सावकाराचे 1,50,000, महिन्याला शेकडा दहा दराने. मोबाइलवरच्या कर्ज ॲपचे 65,000. वहिनीच्या पाटल्या आणि गंठण गहाण ठेवून उचललेले 1,80,000, तेही तिला न सांगता. आणि खताच्या होलसेलरचे थकलेले 1,00,000.

हे आकडे ऐकले की लोक म्हणतात, हाव सुटली. मला तसं दिसलं नाही. जिंकण्यासाठी खेळणं मार्चमध्येच संपलं होतं. त्यानंतर तो फक्त 'बरोबरी'साठी खेळत होता. एकदा गेलेले तेवढे आले की बंद, हे तो मनापासून म्हणायचा. अडचण अशी की बरोबरीची रेघ रोज पुढे सरकते.

त्याची पद्धत 'सेशन'ची होती. सहा षटकांत किती धावा होतील यावर भाव निघतो, समजा 48-49. '49 होणार' म्हणणाऱ्याला 49 किंवा जास्त लागतात, '48 होणार नाहीत' म्हणणाऱ्याला 47 किंवा कमी. नेमक्या 48 झाल्या तर दोघेही हरतात आणि दोघांचे पैसे वर जातात. धंद्याचा नफा या एका धावेच्या फटीत बसलेला असतो. दादा हरला की पुढच्या सेशनला दुप्पट लावायचा: 500, 1,000, 2,000, 4,000, 8,000, 16,000. ओळीने सहा हरले की 31,500 गेले आणि सातव्यांदा 32,000 लावायचे. इतकं करून जिंकलंच तर हाती निव्वळ 500. कौल अगदी निम्मानिम्मा धरला तरी सहा सलग हार चौसष्टात एकदा येते. रात्रीला आठ-दहा सेशन खेळणाऱ्याला दोन महिन्यांच्या आयपीएलमध्ये ती चुकत नाही.

मग आला 29 जून 2024 चा टी-20 विश्वचषकाचा अंतिम सामना. दक्षिण आफ्रिकेला 30 चेंडूंत 30 धावा हव्या होत्या, क्लासेन तुफान मारत होता. एजंटकडे आफ्रिकेचा भाव दहा पैशांवर आला: शंभर लावले तर दहा मिळणार. दादाने 80,000 लावले, 8,000 साठी. ते पैसे खरिपाच्या विक्रीचे, होलसेलरला द्यायचे होते. "हे तर उचलून ठेवलेले पैसे आहेत," असं त्याला वाटलं. सतराव्या षटकाच्या पहिल्याच चेंडूवर क्लासेन बाद झाला आणि भारत सात धावांनी जिंकला. गल्लीत फटाके वाजत होते, हा अर्धं शटर ओढून दुकानात बसून होता. वहिनीने पुण्याला फोन केला: "भारत जिंकला तरी तुमचे दादा जेवले नाहीत. काय झालंय त्यांना?"

बहीण दुसऱ्या दिवशी गावी गेली. त्याने तिला वही दाखवली. वरचे आकडे त्या वहीतले, आणि ते 80,000 होलसेलरच्या थकबाकीतच धरलेले.

पुढे कोणते मार्ग होते

तिच्याकडे घराच्या डाउन पेमेंटसाठी साठवलेले चार लाख होते. पहिला विचार तोच: सगळे देऊन टाकावेत. नवऱ्याचीही हरकत नव्हती. मी एकच विचारलं, जानेवारीच्या 1,20,000 चं काय झालं? त्यातून एजंटची उधारी फिटली, म्हणून एजंटने उधारीची मर्यादा वाढवून दिली. म्हणजे तिने देणं फेडलं असं तिला वाटलं, पण व्यवहारात तिने आयपीएलसाठी भांडवल पुरवलं होतं.

दुसरा मार्ग आईला सांगून वाट्यातली जमीन विकण्याचा. तो तिने स्वतःच बाजूला ठेवला. जमीन विकायला वेळ लागतो आणि तोवर दादा ती विकली गेली असंच समजून खेळला असता.

तिसरा, एजंटविरुद्ध पोलिसांत जाण्याचा. इथे कायद्याची बाजू समजून घ्यावी लागली. भारतीय करार कायदा, 1872 च्या कलम 30 नुसार पैजेचा करार शून्य असतो, म्हणून एजंटला हे पैसे कोर्टातून वसूल करता येत नाहीत. पण कोर्टात जाणारा एजंट कुठे असतो? तो दुकानात येऊन बसतो. शिवाय दादाने स्वतःही जुगार खेळला होता, त्यामुळे तक्रारीआधी वकिलाला भेटणं गरजेचं होतं.

चौथा मार्ग पत्राचा. फोनवर दादा "हो हो, कळतंय" म्हणून मोकळा होतो, हे ती ओळखून होती. समोरासमोर बसलं की ती रडते आणि तो तिची समजूत काढतो; तिच्या लग्नाआधीपासून त्यांच्यात हेच चालत आलंय. व्हॉट्सॲपवर एजंटचे भाव आणि बहिणीचा मेसेज एकाच पडद्यावर वरखाली येणार. कागद बरा.

पहिला मसुदा आणि दुसरा

पहिला मसुदा सात पानांचा होता. वाचवत नव्हता इतका मनापासून लिहिलेला. त्यात बाबांच्या आठवणी होत्या, राखीची आण होती, "तू असा नव्हतास रे" चार वेळा होतं आणि शेवटी "मी सगळं फेडते, तू फक्त सोड" असं होतं. मी तीन गोष्टी खोडायला सांगितल्या. एक, शपथ. जानेवारीत ती मोडली होती. आता आणखी एक घेतली तर मोडल्यावर तो आधी बोलणं बंद करणार. दोन, लाज वाटेल अशी वाक्यं. लाजेतूनच तो लपवत होता आणि लपवण्यासाठीच त्याला पैसे लवकर परत हवे होते. तीन, अर्थातच, फेडण्याचं वचन.

एक गोष्ट पत्रात न लिहिता तोंडी विचारायला सांगितली. हा माणूस दिवसभर कीटकनाशकांच्या कपाटाशेजारी बसतो. त्यामुळे "जिवाचं काही बरंवाईट करावं असं मनात येतं का?" हे स्पष्ट शब्दांत विचारायचं. विचारल्याने कल्पना डोक्यात शिरते, ही भीती खोटी आहे. तिने पत्र देतानाच विचारलं. तो बराच वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, "फायनलच्या रात्री आलं होतं." त्या संध्याकाळपासून औषधांच्या कपाटाची किल्ली चुलतभावाकडे गेली. मानसिक आरोग्याची शासकीय हेल्पलाइन टेली मानस, 14416, हा नंबर तिने त्याच्या फोनमध्ये घातला. आणि मानसोपचारतज्ज्ञाची भेट "पुढे बघू" न ठेवता त्याच आठवड्यातली ठरली.

4 जुलैला दिलेलं पत्र असं होतं:

*दादा,*

*हे बोलता आलं असतं तर बोलले असते. तुझ्यासमोर मला रडू येतं आणि मग तूच मला समजावतोस, विषय राहून जातो.*

*तू वही दाखवलीस हे बरं केलंस. मी ती दोनदा वाचली. तुझ्या पहिल्या पानावर 500 आहेत आणि शेवटच्या पानावर 80,000. मधल्या प्रत्येक पानावर तू 'एवढे आले की बंद' असं लिहिलंयस. पहिल्यांदा 'एवढे' म्हणजे 9,000 होते. नंतर 40,000. मग दीड लाख. दादा, तू दुकानात कोणाला असा हिशेब करू दिला असतास का?*

*मी जानेवारीत दिलेले पैसे चुकले. तुझं नाही, माझं चुकलं. मला वाटलं मी तुला बाहेर काढतेय. या वेळी मी तुझ्या हातात एक रुपयाही देणार नाही. रागाने नाही. दागिन्यांच्या कर्जाचं व्याज थकलं तर ते मी थेट तिकडे भरेन आणि पावती ठेवेन.*

*मला तुझ्याकडून शपथ नको. तीन कामं हवीत. दुकानाचा क्यूआर वहिनीच्या खात्याचा लाव. आयडी आणि एजंटचा नंबर माझ्यासमोर बंद कर. आणि डॉक्टरकडे चल, मी सुट्टी काढते.*

*वहिनीला गंठणाचं तू सांग. आठ दिवसांत सांगितलं नाहीस तर मी सांगेन. तुझ्यामागे नाही सांगणार, तुला आधी सांगून सांगेन.*

*मला गेलेले पैसे परत आलेले बघायचे नाहीत. ते गेले, दादा. ते गेले म्हण एकदा, म्हणजे पुढचं बोलता येईल.*

*तुझी,*
*छकुली*

काय घडलं

आठ दिवसांची मुदत ही माझी सूचना होती आणि तीच चुकली. दादाने पत्र वाचलं, घडी घालून वहीत ठेवलं आणि त्याच्या मनात एकच हिशेब सुरू झाला: आठ दिवसांत गंठण सोडवून आणलं तर वहिनीला सांगायची वेळच येणार नाही. 6 जुलैला हरारेत भारत-झिंबाब्वे सामना होता. विश्वविजेता भारत आणि समोर झिंबाब्वे. त्याने गल्ल्यातले 25,000 भारतावर लावले. झिंबाब्वेच्या 115 धावा झाल्या, भारत 102 वर सर्वबाद.

ही तूट त्याने त्याच रात्री बहिणीला फोन करून सांगितली. पत्राचा उपयोग मी तिथे मोजतो. एरवी हे 25,000 चार महिन्यांनी बाहेर आले असते. ती ओरडली नाही. "वहीत लिही" एवढंच म्हणाली आणि मुदतीची वाट न बघता रविवारी गावी पोचली. त्याने तिच्यासमोर वहिनीला सांगितलं. वहिनी सट्ट्यावरून फारशी चिडली नाही. तिचा राग नणंदेवर निघाला: "जानेवारीत तुम्हाला माहीत होतं आणि मला नाही?" तो राग अजून पुरता गेलेला नाही, आणि तो रास्त आहे.

मग व्यवहाराची कामं. दुकानाचा क्यूआर बदलला. दादाच्या फोनवरची यूपीआय ॲप काढली, त्याच्या नावाच्या खात्यात आठवड्याचा खर्च तेवढा राहील असं केलं. सिम बदललं, कारण एजंटचा नंबर ब्लॉक केला की दुसऱ्या नंबरवरून लिंक येते.

सगळ्यात अवघड गाठ अनपेक्षित ठिकाणी आली. आयडीमध्ये 11,400 रुपये शिल्लक होते. एजंट म्हणाला, काढायचे तर आधी ठरावीक रकमेचं खेळावं लागेल. दादाचं म्हणणं, एवढे तरी काढून घेऊ, शेवटचं. ऐंशी हजार एका फटक्यात घालवणारा माणूस साडेअकरा हजारांसाठी दीड तास वाद घालत होता. शेवटी वहिनीने फोन हातातून घेतला आणि विचारलं, "हे 11,400 मुलीच्या फीला दिले असं समजू का?" तो काही बोलला नाही. आयडी शिलकीसकट सोडून दिला.

देण्यांचा क्रम ठरवताना वकील सोबत होता. होलसेलर पहिला, कारण त्याने माल थांबवला की दुकान बंद आणि मग कुणाचंच फिटणार नाही. सावकाराकडे परवाना नव्हता. महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, 2014 खाली त्याची तक्रार जिल्हा उपनिबंधक, सहकारी संस्था यांच्याकडे करता येते, हे वकिलाने त्याला शांतपणे सांगितलं. मुद्दल हप्त्यांनी घ्यायला तो तयार झाला. कर्ज ॲपचं देणं वहिनीच्या माहेरून आलेल्या हातउसन्या रकमेतून एकदम मिटवलं, कारण त्यांचे फोन फोनमधल्या सगळ्या ओळखीच्यांना जायला लागले होते. एजंट दोनदा दुकानात आला. दुसऱ्या वेळी वकिलाने पोलीस ठाण्यात दमदाटीचा लेखी अर्ज दिला. त्यानंतर तो आला नाही.

डॉक्टरांनी नैराश्यासाठी औषधं दिली आणि जुगाराच्या विकाराबद्दल नीट समजावलं. गेलेले भरून काढायला दुसऱ्या दिवशी परत जाणं हे त्या निदानातलं एक लक्षणच आहे, हे ऐकून दादा म्हणाला, "म्हणजे याला नाव आहे." त्याला त्यात दिलासा वाटला. मला थोडी धास्ती वाटली, कारण नाव मिळालं की काही जण आजाराच्या आड बसतात. दादा बसला नाही.

निष्पत्ती

22 मार्च 2025 ला पुढची आयपीएल सुरू झाली. त्या दोन महिन्यांसाठी वहिनीने संध्याकाळी सातनंतर दुकानात स्वतः बसायचं ठरवलं. तरीही एप्रिलमध्ये त्याने मित्राच्या आयडीवरून 3,000 लावले आणि हरला. चौथ्या दिवशी त्याने स्वतःहून सांगितलं. आधीच्या वर्षी त्याच जागेवरून 500 चे 16,000 झाले होते. या वेळी रक्कम 3,000 वर थांबली, कारण दुप्पट करायला हातात काही नव्हतं. संयमापेक्षा क्यूआरने जास्त काम केलं, असं माझं मत.

ऑगस्ट 2025 मध्ये पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा केंद्राचा कायदा झाला. त्याचा या घरावर फारसा परिणाम झाला नाही. दादाचा एजंट आधीही बेकायदाच होता, आणि सप्टेंबरमध्ये नव्या नंबरवरून नवी लिंक आलीच. दादाने ती वहिनीला दाखवून पुसली.

दिवाळीपर्यंत होलसेलर पूर्ण फिटला होता. सावकाराचं निम्मं मुद्दल गेलं होतं, पाटल्या परत आल्या होत्या, गंठण अजून गहाण होतं. बहिणीने एकूण 30,000 भरले, सगळे व्याजापोटी आणि थेट.

काय वेगळं करता आलं असतं

पत्रातला हिशेबाचा परिच्छेद आणि मुदतीचा परिच्छेद एकमेकांच्या विरोधात काम करत होते, हे मला उशिरा कळलं. पहिला म्हणत होता 'गेले ते गेले'. दुसरा नकळत म्हणत होता 'आठ दिवस आहेत'. तूट भरून काढण्याच्या नादात असलेल्या माणसाला कोणतीही मुदत शेवटची संधी वाटते. आज मी पत्र आणि वहिनीशी बोलणं एकाच दिवशी ठेवेन. क्यूआर बदलणंही त्याच दिवशी. त्याला सांगायचं असेल तर तासाभराची उसंत पुरे.

दुसरं म्हणजे वहिनी. मी बहिणीचं ऐकत होतो, म्हणून हे प्रकरण मला भावाबहिणीचं वाटलं. दागिने तिचे, दुकानावर बसणार ती, आणि पत्रात ती फक्त सांगायची बाकी राहिलेली व्यक्ती होती. तिला पहिल्या दिवशी सोबत घेतलं असतं तर 25,000 वाचले असते की नाही माहीत नाही, पण दोघींमधली कटुता कमी झाली असती.

पत्राबद्दल दादाला नंतर विचारलं की कुठलं वाक्य लागलं. मला वाटलं होतं शेवटचं. तो म्हणाला, "'दुकानात कोणाला असा हिशेब करू दिला असतास का', ते. मी उधारीवर माल देताना गिऱ्हाइकाला हेच विचारतो."

तो अजून दर सोमवारी बहिणीला फोन करतो. पूर्वी सोमवारी एजंटचा हिशेब असायचा, तोच वार ठेवलाय. किती फिटलं, किती राहिलं, ते सांगतो. सुरुवातीला फोन मिनिटभराचा असायचा. हल्ली हिशेबानंतर तो पुण्यात पाऊस कसा आहे हेही विचारतो, असं ती सांगत होती.